गुंतलेला परिपथ उलगडताना: नोडला अक्षरे देऊन खरी एकसर आणि खरी समांतर जोडणी कशी ओळखावी

एका सरळ रेषेत तीन रोधक काढलेले आहेत, डावीकडून ६ ओहम, ३ ओहम आणि २ ओहम. रेषेवरील बिंदूंना डावीकडून १, २, ३ आणि ४ असे क्रमांक दिले, तर पहिला रोधक १ आणि २ यांच्यामध्ये, दुसरा २ आणि ३ यांच्यामध्ये आणि तिसरा ३ आणि ४ यांच्यामध्ये येतो. आता रेषेच्या वरून एक साधी तार बिंदू १ पासून बिंदू ३ पर्यंत नेली आहे आणि खालून दुसरी तार बिंदू २ पासून बिंदू ४ पर्यंत नेली आहे. बिंदू १ आणि ४ यांच्यामधील परिणामी रोध किती, असा प्रश्न आहे. रोधक एका रांगेत दिसतात म्हणून बरेच जण बेरीज करून ११ ओहम हे उत्तर देतात. काहींना तारांमुळे काहीतरी बदलले असल्याची शंका येते, पण नेमके काय बदलले हे आकृतीकडे कितीही वेळ पाहिले तरी त्यांना सांगता येत नाही. प्रत्यक्षात उत्तर १ ओहम आहे, कारण ते तिन्ही रोधक एकमेकांना समांतर आहेत.

हे उत्तर दिसण्यासाठी आकृतीचा आकार विसरून फक्त जोडणी पाहावी लागते. त्यासाठी नोड ही एकच कल्पना पुरेशी आहे. मध्ये कोणताही रोधक, विद्युतघट किंवा अन्य घटक न ओलांडता, केवळ तारेवरून चालत जिथपर्यंत पोहोचता येते तो सगळा भाग मिळून एक नोड होतो. आकृतीतल्या तारांचा रोध आपण शून्य मानतो आणि त्यामुळे अशा सलग तारेवरील सर्व बिंदूंचे विभव सारखेच असते. तार लांब असो, वळणावळणाची असो किंवा तिला पाच फाटे फुटलेले असोत, ती एकच नोड आहे. नोड म्हणजे आकृतीतला ठळक ठिपका, असा समज पक्का झालेला असतो आणि बहुतेक घोटाळ्यांचे मूळ तिथेच असते, कारण एकाच नोडवर चार ठिपके असू शकतात आणि ठिपका नसलेला कोपराही नोडचाच भाग असतो.

वरच्या उदाहरणात पेन्सिल बिंदू १ वर ठेवून तारेवरून सरकवली की ती बिंदू ३ वर पोहोचते, म्हणून १ आणि ३ या दोन्हींना ‘अ’ हे अक्षर मिळते. बिंदू ४ वरून निघाले की खालच्या तारेने बिंदू २ वर जाता येते, म्हणून त्या दोन्हींना ‘ब’ हे अक्षर मिळते. अक्षरे देऊन झाल्यावर ६ ओहमचा रोधक अ आणि ब यांच्यामध्ये आहे, ३ ओहमचा ब आणि अ यांच्यामध्ये आहे, आणि २ ओहमचा पुन्हा अ आणि ब यांच्यामध्ये आहे. तिघांची टोके त्याच दोन नोडांवर असल्याने ते समांतर आहेत, आणि १/६ + १/३ + १/२ = १ या बेरजेवरून परिणामी रोध १ ओहम येतो.

समांतर जोडणीची कसोटी एवढीच आहे की दोन रोधकांच्या टोकांना मिळालेली अक्षरांची जोडी तीच असली पाहिजे. ते कागदावर एकमेकांना समांतर रेषेत काढलेले आहेत की नाहीत, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. एकसर जोडणीची कसोटी थोडी कडक आहे. दोन रोधकांना सामाईक असलेल्या नोडवर त्या दोघांची मिळून दोनच टोके असली पाहिजेत, तिथे तिसरे काहीही जोडलेले नसले पाहिजे, आणि तो नोड ज्या दोन बिंदूंमध्ये रोध मोजायचा आहे त्यांपैकीही नसला पाहिजे. तिसरी वाट असेल तर पहिल्या रोधकातून आलेली विद्युतधारा तिथे विभागली जाऊ शकते, मग दुसऱ्या रोधकातून तीच धारा वाहते असे म्हणता येत नाही, आणि ‘तीच धारा’ हाच तर एकसर जोडणीचा अर्थ आहे.

एक गुंतलेली आकृती

आता थोडी अवघड आकृती घेऊ. वाचताना ती कागदावर काढून घ्यावी. एका आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे १ ते ६ असे सहा बिंदू आहेत आणि लागोपाठच्या बिंदूंमध्ये पाच रोधक आहेत: र१ = १२ ओहम, र२ = ६ ओहम, र३ = १ ओहम, र४ = ३ ओहम आणि र५ = १२ ओहम. रेषेच्या वरून एक तार बिंदू १ पासून बिंदू ३ पर्यंत गेली आहे. वरच्याच बाजूने १० ओहमचा र६ हा रोधक बिंदू २ आणि बिंदू ५ यांना जोडतो, आणि त्याची तार आधीच्या तारेला ओलांडून जाते, पण त्या छेदावर ठिपका नाही. रेषेच्या खालून एक साधी तार बिंदू २ आणि बिंदू ५ यांना जोडते. तिच्याही खालून ४ ओहमचा र७ हा रोधक बिंदू २ पासून बिंदू ६ पर्यंत गेला आहे. बिंदू १ आणि बिंदू ६ यांच्यामधील परिणामी रोध काढायचा आहे.

पहिले काम म्हणजे ज्या दोन बिंदूंमध्ये रोध मोजायचा त्यांना अक्षरे देणे. बिंदू १ ला ‘अ’ आणि बिंदू ६ ला ‘ब’ म्हणू. मग अ वरून निघून तारेने जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत जायचे आणि पोहोचलेल्या प्रत्येक ठिकाणी तेच अक्षर लिहायचे. येथे वरच्या तारेने आपण बिंदू ३ वर पोहोचतो. वाटेत र६ ची तार आडवी येते, पण ठिपका नसल्याने तो नुसता छेद आहे, जोड नाही, म्हणून तिथे वळायचे नाही. बिंदू ६ वरून तारेने कुठेच जाता येत नाही, कारण तिथून निघणाऱ्या दोन्ही वाटांवर लगेच रोधक लागतो, म्हणून ‘ब’ एकटाच राहतो. त्यानंतर अक्षर न मिळालेला कोणताही एक बिंदू घ्यायचा. बिंदू २ घेतला तर खालच्या तारेने तो बिंदू ५ ला जोडलेला आहे, म्हणून दोघांना ‘क’. उरलेला बिंदू ४ हा ‘ड’.

येथे मी रंगीत पेन्सिली वापरण्याचा सल्ला देईन, प्रत्येक नोडला एक रंग. अक्षर लिहिताना तारेचा एखादा फाटा नजरेतून सुटू शकतो, पण तार रंगवताना न रंगवलेला तुकडा लगेच खटकतो. सगळ्या तारा रंगवून झाल्या आणि प्रत्येक रोधकाच्या दोन्ही टोकांना रंग मिळाला, म्हणजे हा टप्पा पूर्ण झाला.

दुसरे काम म्हणजे आकृती बाजूला ठेवून यादी करणे. येथून पुढे मूळ आकृतीकडे पाहायचे नाही, कारण तिचा आकार पुन्हा दिशाभूल करतो.

र१ (१२ ओहम): अ – क
र२ (६ ओहम): क – अ
र३ (१ ओहम): अ – ड
र४ (३ ओहम): ड – क
र५ (१२ ओहम): क – ब
र६ (१० ओहम): क – क
र७ (४ ओहम): क – ब

यादी बरोबर आहे का हे पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. सात रोधकांची चौदा टोके असतात, तेव्हा अक्षरांची एकूण संख्या चौदाच भरली पाहिजे. येथे अ तीन वेळा, ब दोन वेळा, क सात वेळा आणि ड दोन वेळा आला आहे, म्हणजे बेरीज चौदा होते. मात्र ही पडताळणी फक्त राहून गेलेले टोक पकडते. चुकीचे अक्षर दिले गेले असेल तर तिला ते कळत नाही.

आता यादी वाचायची, आणि तीही ठरावीक क्रमाने. सर्वांत आधी दोन्ही टोकांना एकच अक्षर असलेले रोधक खोडायचे. र६ ची दोन्ही टोके ‘क’ वर आहेत, त्याच्या दोन टोकांमध्ये विभवांतर नाही, म्हणून त्यातून धारा वाहत नाही आणि त्याचे मूल्य १० ओहम असो वा १० लाख, उत्तर बदलत नाही. हे खोडणे आधीच करावे लागते, कारण असा रोधक त्या अक्षराची मोजणी विनाकारण दोनने वाढवतो आणि एखादी खरी एकसर जोडणी त्यामागे लपून राहू शकते.

त्यानंतर समान जोड्या शोधायच्या. र१ आणि र२ दोन्ही अ आणि क यांच्यामध्ये आहेत, म्हणून ते समांतर. र५ आणि र७ दोन्ही क आणि ब यांच्यामध्ये आहेत, म्हणून तेही समांतर. मूळ आकृतीत र१ आणि र२ एकाच रेषेत एकापुढे एक होते आणि र५ व र७ वेगवेगळ्या पातळीवर, वेगवेगळ्या लांबीचे काढलेले होते, हे आठवले की यादीचे काम काय आहे ते लक्षात येते.

मग दोनदाच आलेले अक्षर शोधायचे. ‘ड’ फक्त र३ आणि र४ यांच्या ओळींत आला आहे आणि तो मोजमापाचा बिंदू नाही, म्हणून र३ आणि र४ एकसर आहेत. ‘ब’ सुद्धा दोनदाच आला आहे, पण तो मोजमापाचा बिंदू असल्याने तिथे बाहेरून धारा येते किंवा जाते, आणि म्हणून र५ व र७ यांना त्या कारणाने एकसर म्हणता येत नाही. र४ आणि र५ हे रेषेत शेजारी आहेत, पण त्यांना जोडणाऱ्या ‘क’ वर इतरही रोधक आहेत, म्हणून तेही एकसर नाहीत.

नवी आकृती काढणे

यादी तयार असली की आकृती काढणे जवळजवळ यांत्रिक काम होते. अ डावीकडे आणि ब उजवीकडे अशा दोन उभ्या जाड रेषा काढाव्यात, उरलेल्या नोडांसाठी मध्ये आणखी उभ्या रेषा घ्याव्यात, आणि यादीतील प्रत्येक ओळीसाठी त्या दोन रेषांमध्ये एक आडवा रोधक काढावा. नोडला बिंदूऐवजी उभी रेषा घेण्याचा फायदा असा की तिच्यावर हवे तितके रोधक न गुंतता टेकवता येतात. आपल्या उदाहरणात डावीकडून अ, ड, क, ब असा क्रम सोयीचा पडतो. अ पासून क पर्यंत दोन सरळ वाटा, र१ आणि र२ यांच्या, आणि तिसरी वाट र३ मधून ड वर थांबून र४ मधून क पर्यंत जाणारी. पुढे क पासून ब पर्यंत र५ आणि र७ यांच्या दोन वाटा. र६ काढायचाच नाही. काढलेले रोधक मोजावेत, ते सातातून खोडलेला एक वजा करून सहा भरले पाहिजेत.

गणित आता सरळ आहे. र३ आणि र४ मिळून ४ ओहम. अ आणि क यांच्यामध्ये १२, ६ आणि ४ ओहम समांतर, म्हणजे १/१२ + २/१२ + ३/१२ = ६/१२, म्हणून २ ओहम. क आणि ब यांच्यामध्ये १२ आणि ४ ओहम समांतर, म्हणजे ३ ओहम. आता यादीत दोनच ओळी उरल्या, अ – क आणि क – ब, आणि सात वेळा आलेला ‘क’ आता फक्त दोनदा आला आहे, म्हणून हे दोन गट एकसर आहेत आणि एकूण रोध ५ ओहम आहे. प्रत्येक एकत्रीकरणानंतर अक्षरे पुन्हा मोजावी लागतात ती याचसाठी, कारण सुरुवातीला दडलेली एकसर जोडणी अशी मागाहून उघड होते.

उत्तर पडताळण्यासाठी अ आणि ब यांच्यामध्ये १० व्होल्टचा विद्युतघट जोडला असे समजू. एकूण धारा २ अँपिअर, अ ते क विभवांतर ४ व्होल्ट आणि क ते ब ६ व्होल्ट. र१ मधून १/३, र२ मधून २/३ आणि र३–र४ मधून १ अँपिअर, म्हणजे बेरीज २. र५ मधून ०.५ आणि र७ मधून १.५, बेरीज पुन्हा २. हे आकडे मूळ आकृतीवर लिहून पाहिले की एक गंमत दिसते. र१ मधील धारा डावीकडून उजवीकडे वाहते आणि त्याच रेषेतल्या र२ मधील धारा उजवीकडून डावीकडे. ज्या दोन रोधकांत धारा समोरासमोर येऊन एकाच बिंदूवर मिळतात, ते एकसर असणे शक्यच नाही. बिंदू ५ वर र४ मधून १ अँपिअर येतो, र५ मधून ०.५ जातो, आणि उरलेला ०.५ खालच्या साध्या तारेतून बिंदू २ कडे परत जातो. म्हणजे तारेच्या दोन टोकांत विभवांतर शून्य असूनही तिच्यातून धारा वाहते आहे. ‘विभवांतर नाही म्हणजे धारा नाही’ हा नियम रोधकासाठी खरा आहे, आदर्श तारेसाठी नाही, आणि म्हणूनच र६ खोडता येतो पण त्याच्याशेजारची तार खोडता येत नाही.

मोजमापाचे बिंदू बदलले तर

हाच परिपथ ठेवून बिंदू १ आणि बिंदू ४, म्हणजे अ आणि ड, यांच्यामधील रोध विचारला, तर अक्षरे आणि यादी तीच राहते, पण तिचा अर्थ बदलतो. ‘ड’ आता मोजमापाचा बिंदू झाला, म्हणून र३ आणि र४ यांची एकसर जोडणी मोडते. ‘ब’ मात्र आता मोजमापाचा बिंदू राहिला नाही. र५ आणि र७ दोन्ही क वरून निघून ब वर मिळतात, आणि तिथून बाहेर जायला वाट नसल्याने या भागात धाराच शिरत नाही. त्यांना समांतर मानून ३ ओहम धरले तरी ‘ब’ हे अक्षर यादीत एकदाच उरते, आणि मोजमापाचा बिंदू नसूनही एकदाच आलेले अक्षर म्हणजे लोंबकळणारा रोधक, तो खोडायचा. राहिले काय, तर र१ आणि र२ समांतर, म्हणजे ४ ओहम, त्यांच्याशी र४ एकसर, म्हणजे ७ ओहम, आणि त्या सगळ्याला र३ समांतर. उत्तर ७/८ ओहम. कोणते रोधक एकसर आहेत, हा प्रश्न मोजमापाचे बिंदू सांगितल्याशिवाय अर्धवट राहतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

परिपथात अन्य घटक असतील तेव्हा अक्षरे देताना काही गोष्टी आधीच ठरवून टाकाव्यात. आदर्श ॲमीटर आणि बंद केलेली कळ यांना तार समजून पलीकडेही तेच अक्षर द्यावे, आदर्श व्होल्टमीटर आणि उघडी कळ यांच्या जागी काहीच नाही असे समजावे, आणि भूसंपर्काची चिन्हे आकृतीत कितीही लांब लांब असली तरी त्या सर्वांना एकच अक्षर द्यावे. विद्युतघट ओलांडला की मात्र अक्षर बदलते.

जिथे एकही जोडी सापडत नाही

आता मूळ परिपथात ३ ओहमचा र८ हा आणखी एक रोधक बिंदू ४ आणि बिंदू ६ यांच्यामध्ये जोडू आणि पुन्हा अ आणि ब यांच्यामधील रोध विचारू. यादीत ड – ब ही एक ओळ वाढली. र६ खोडून आणि दोन समांतर जोड्या एकत्र करून अ – क ४ ओहम, अ – ड १ ओहम, ड – क ३ ओहम, क – ब ३ ओहम आणि ड – ब ३ ओहम अशा पाच ओळी उरतात. अक्षरांची कोणतीही जोडी दोनदा येत नाही, आणि क व ड प्रत्येकी तीनदा येतात. म्हणजे आता एकही खरी समांतर किंवा खरी एकसर जोडणी उरलेली नाही. हा व्हीटस्टन सेतू आहे, आणि आकृती कितीही वेळा नव्याने काढली तरी तो एकसर-समांतर नियमांनी सुटणार नाही. पद्धत येथे हरली असे मला वाटत नाही, कारण अशा वेळी कुठे थांबायचे हे यादीच सांगते, आणि जे यादी करत नाहीत ते याच ठिकाणी नसलेली एकसर जोडणी शोधून काढतात.

पुढचा मार्गही अक्षरांतूनच निघतो. अ आणि ब यांच्यामध्ये १७ व्होल्टचा विद्युतघट जोडला आणि ब चे विभव शून्य धरले, तर फक्त क आणि ड यांची विभवे अज्ञात राहतात. नोडमध्ये येणारी धारा आणि त्यातून जाणारी धारा समान असते, या किरचॉफच्या नियमाने प्रत्येक अज्ञात नोडसाठी एक समीकरण मिळते:

(१७ − क)/४ + (ड − क)/३ = क/३
(१७ − ड)/१ = (ड − क)/३ + ड/३

पहिल्यातून ११क − ४ड = ५१ आणि दुसऱ्यातून ५ड − क = ५१ मिळते. ती सोडवली की क = ९ व्होल्ट आणि ड = १२ व्होल्ट येतात. अ वरून क कडे २ आणि ड कडे ५ अशी ७ अँपिअर धारा निघते. ब वर क कडून ३ आणि ड कडून ४ अँपिअर पोहोचतात, म्हणजे तिथेही ७. परिणामी रोध १७/७, म्हणजे सुमारे २.४३ ओहम.

र८ ची किंमत ३ ऐवजी ०.७५ ओहम असती, तर ४ : ३ आणि १ : ०.७५ ही गुणोत्तरे सारखी होऊन सेतू संतुलित झाला असता, क आणि ड यांची विभवे समान आली असती आणि र४ मधून धारा वाहिली नसती. तेवढ्यापुरता र४ काढून टाकता येतो, आणि ७ व १.७५ ओहम समांतर धरून १.४ ओहम हे उत्तर मिळते. पण तेव्हाही क आणि ड यांना सुरुवातीलाच एक अक्षर देऊन चालत नाही. ती दोन अक्षरे वेगळीच लिहावीत आणि समान विभवाची गोष्ट गुणोत्तर तपासल्यानंतरच मांडावी, कारण र८ किंचित बदलला की ती समानता लगेच मोडते, तारेने जोडलेल्या बिंदूंची मात्र कोणत्याही मूल्यांना टिकते.